चोविसाचे सत्तावीस होतात तेव्हा

एका मुस्लिम माणसाचे निधन झाले. मागे पत्नी, वडील, आई आणि दोन मुली आहेत, मुलगा नाही. कुराणाने या प्रत्येकाचा हिस्सा ठरवून दिला आहे. मूल असेल तर पत्नीला १/८, वडिलांना १/६, आईला १/६, आणि मुलगा नसताना दोन किंवा अधिक मुली असतील तर त्या सगळ्यांना मिळून २/३. आता हे अपूर्णांक एकाच छेदावर आणून बेरीज करून पाहा. पत्नीचे ३, वडिलांचे ४, आईचे ४, मुलींचे १६, असे सारे चोविसाव्या भागात मांडले की बेरीज २७/२४ येते. मिळकत एक आणि हक्क एकापेक्षा जास्त.

आता दोनऐवजी एकच मुलगी आहे असे धरा. एकट्या मुलीचा हिस्सा १/२, म्हणजे १२. बेरीज होते २३/२४, आणि एक भाग कोणाच्याच नावे लागत नाही. माणसे जवळपास तीच आहेत, फक्त एक मुलगी कमी झाली, तर तुटीची जागा शिलकीने घेतली. या दोन्ही ठिकाणी काय करायचे यावर इस्लामी वारसाशास्त्राने, ज्याला ‘फराइज’ म्हणतात, तेराशे वर्षांहून अधिक काळ विचार केला आहे. सुन्नी आणि शिया या दोन परंपरांची उत्तरे वेगळी आहेत, आणि त्या फरकामुळे एखाद्या मुलीच्या किंवा आईच्या वाट्यात लाखांचा फरक पडतो.

पुढची सगळी गणिते एकाच रकमेवर करू, म्हणजे तुलना सोपी जाईल. मृताची घर, ठेवी आणि रोख मिळून मिळकत २५,५०,००० रुपयांची आहे असे समजा. अपूर्णांकांना हात लावण्याआधी तिच्यातून काही रकमा वजा होतात. आधी दफनविधीचा खर्च, धरू ३०,०००. मग कर्ज, धरू पतसंस्थेचे २,३५,०००. आणि पत्नीचा न दिलेला मेहेर, धरू १,२५,०००. हा मेहेर पुष्कळ घरांत विसरला जातो, किंवा ‘तिला आठवा हिस्सा मिळतोच आहे’ असे म्हणून त्यातच गुंडाळला जातो. ते चूक आहे. मेहेर हे नवऱ्यावरचे कर्ज आहे. पत्नी आधी धनको म्हणून तो वसूल करते आणि नंतर वारस म्हणून आपला हिस्सा घेते. यानंतर मृत्युपत्र, म्हणजे वसियत, असेल तर ती उरलेल्या रकमेच्या एक तृतीयांशापर्यंत लागू होते. आपल्या उदाहरणात वसियत नाही. सगळे वजा जाता वाटपासाठी २१,६०,००० रुपये उरतात.

या कायद्यात वडिलोपार्जित आणि स्वकष्टार्जित असा भेद नसतो. जन्माने मिळणारा हक्कही नसतो. बापाच्या हयातीत मुलाचा किंवा मुलीचा त्याच्या मिळकतीत काहीच हिस्सा नसतो. सारे हक्क मृत्यूच्या क्षणी उभे राहतात आणि त्या क्षणी कोण हयात आहे यावरच ठरतात. मृताला मुलगा असता तर आपला प्रश्न उद्भवलाच नसता. मुलगा असला की मुलींचा ठरीव हिस्सा सुटतो, आणि पत्नी व आईवडील यांचे मिळून ११/२४ गेल्यावर उरलेले १३/२४ मुलगा आणि मुली दोनास एक या प्रमाणात घेतात. मुलगा जे उरेल ते घेणारा वारस असल्यामुळे तूटही येत नाही आणि शिल्लकही राहत नाही. म्हणून ही अडचण मुलगा नसलेल्या घरांत येते.

आता तुटीचे पाहू. २१,६०,००० चा चोविसावा भाग ९०,००० होतो. पत्नीचे तीन भाग २,७०,०००, वडिलांचे चार भाग ३,६०,०००, आईचे तेवढेच, दोन मुलींचे सोळा भाग १४,४०,०००. बेरीज २४,३०,०००. हातातली रक्कम २,७०,००० नी कमी पडते, आणि ही तूट बरोबर पत्नीच्या हिश्श्याएवढी आहे. त्यामुळे कोणी एकामागून एक पैसे देत गेला, आधी आईवडील, मग मुली, तर शेवटी उरलेल्या विधवेच्या हाती शून्य येते. रांगेत शेवटी कोण उभे आहे यावर हक्क ठरणे कोणालाच मान्य होण्यासारखे नाही.

अशी तूट खलिफा उमर यांच्या काळात, म्हणजे सातव्या शतकात, प्रथम समोर आली असे परंपरा सांगते. तेव्हाचे उदाहरण म्हणून बहुधा पती आणि दोन सख्ख्या बहिणी यांचे नाव घेतले जाते. पतीचा १/२ आणि बहिणींचा २/३ मिळून ७/६ होतात. उमर यांनी सहकाऱ्यांशी सल्लामसलत करून उपाय स्वीकारला तो असा, की छेद वाढवायचा. सहा भागांऐवजी सात भाग करायचे, पतीला तीन आणि बहिणींना चार द्यायचे. कोणाचेही नाव कापायचे नाही, कोणाला आधी आणि कोणाला मागे ठेवायचे नाही, तूट सगळ्यांनी आपापल्या प्रमाणात सोसायची. याला ‘औल’ म्हणतात, म्हणजे वाढ. दिवाळखोर माणसाच्या धनकोंना रुपयामागे ठरावीक पैसे मिळतात, तसाच हा न्याय आहे.

आपल्या उदाहरणाला फराइजच्या ग्रंथांत स्वतःचे नाव आहे. सुन्नी परंपरेनुसार कुफा शहरात खलिफा अली मिंबरवर, म्हणजे मशिदीतल्या प्रवचनाच्या आसनावर, उभे असताना कोणीतरी त्यांना पत्नी, आईवडील आणि दोन मुलींचा हाच प्रश्न विचारला. प्रवचन न थांबवता, त्याच ओघात त्यांनी उत्तर दिले की त्या बाईचा आठवा हिस्सा नववा झाला. म्हणून या प्रश्नाला ‘मिंबरिया’ म्हणतात. उत्तर किती अचूक आहे ते पाहा. चोविसाचे सत्तावीस केले की पत्नीचे ३/२४ हे ३/२७ होतात, म्हणजे नेमके १/९.

रुपयांत मांडू. २१,६०,००० चे सत्तावीस भाग केले की एक भाग ८०,००० चा होतो. पत्नीला २,४०,०००, वडिलांना ३,२०,०००, आईला ३,२०,०००, दोन मुलींना मिळून १२,८०,०००, म्हणजे प्रत्येकीला ६,४०,०००. बेरीज बरोबर २१,६०,०००. प्रत्येकाच्या मूळ हिश्श्यातला नववा भाग गेला आणि सगळ्यांचा सारखाच गेला. मुली दोनऐवजी तीन किंवा पाच असल्या तरी सोळा भागच त्यांच्यात वाटले जातील. पत्नी दोन असल्या तर तीन भाग त्यांच्यात निम्मे निम्मे होतील. सत्तावीस हा आकडा मात्र हलत नाही. सुन्नींच्या हनफी पंथाच्या गणितात चोविसाचा छेद वाढला तर तो सत्ताविसावरच जातो, दुसरा आकडा येत नाही. त्यामुळे चोविसावर मांडलेल्या वाटपाची बेरीज कोणी पंचवीस किंवा अठ्ठावीस काढली, तर वारसांच्या यादीत किंवा हिश्श्यांत चूक आहे हे लगेच समजते.

पण हा मार्ग सर्वांना पटला नव्हता. पैगंबरांचे चुलतभाऊ इब्न अब्बास, ज्यांना कुराणाच्या अर्थाचे मोठे जाणकार मानले जाते, त्यांनी औलाला स्पष्ट विरोध केला. त्यांचा मुद्दा मला आजही जोरकस वाटतो. अपूर्णांक देणाऱ्याला बेरीज येत नव्हती असे आपण म्हणू शकत नाही, मग सगळेच हिस्से एकाच वेळी लागू करायचे नसतील. काही वारस एका ठरीव हिश्श्यावरून दुसऱ्या ठरीव हिश्श्यावर उतरतात. पत्नी १/४ वरून १/८ वर येते, आई १/३ वरून १/६ वर. त्यांच्या खाली जमीन आहे. मुलींचे तसे नाही. भाऊ असला की त्या ठरीव हिश्श्यातून बाहेर पडून उरलेल्यात वाटेकरी होतात, आणि ते उरलेले कितीही असू शकते. म्हणून तूट आली तर ती अशा वारसांनी सोसावी.

शिया परंपरेने हीच दिशा घेतली. तिथे औल नाही. पत्नीला पूर्ण १/८, म्हणजे २,७०,०००. आईवडिलांना पूर्ण १/६ प्रत्येकी, ३,६०,००० आणि ३,६०,०००. उरलेले १३/२४, म्हणजे ११,७०,०००, दोन मुलींचे, प्रत्येकीला ५,८५,०००. सुन्नी हिशोबात प्रत्येक मुलीला ६,४०,००० होते. पत्नीचे ३०,००० वाढले आणि दोन मुलींचे मिळून १,१०,००० कमी झाले. कोणता न्याय बरा हे आकड्यांवरून ठरत नाही. एका पद्धतीत विधवेला झळ बसते, दुसरीत सगळी झळ मुलींवर जाते.

आता शिलकीकडे वळू. एकच मुलगी असेल तर पत्नीला २,७०,०००, आईला ३,६०,०००, वडिलांना ३,६०,०००, मुलीला १०,८०,०००. एकूण २०,७०,०००. शिल्लक ९०,०००. सुन्नी कायद्यात हे ९०,००० वडिलांना जातात, कारण वडील दोन नात्यांनी उभे असतात. मूल आहे म्हणून ते १/६ चे ठरीव हिस्सेदार आहेत, आणि मुलगा नाही म्हणून ते ‘असबा’, म्हणजे उरलेले घेणारे पुरुष नातलगही आहेत. त्यांचा एकूण वाटा ४,५०,००० होतो. ठरीव हिस्से दिल्यावर उरेल ते सर्वांत जवळच्या पुरुष नातलगाला द्यावे, या हदीसवर हा नियम उभा आहे.

शिया कायदा असबा मानत नाही. तिथे शिल्लक रक्ताच्या नात्यांकडे त्यांच्या हिश्श्यांच्या प्रमाणात परत जाते. या परतीला ‘रद’ म्हणतात. वडील, आई आणि मुलगी यांचे हिस्से १/६, १/६ आणि १/२ आहेत, म्हणजे एकास एकास तीन. पत्नीचा आठवा बाजूला काढल्यावर राहिलेल्या १८,९०,००० चे पाच भाग करायचे. वडिलांना ३,७८,०००, आईला ३,७८,०००, मुलीला ११,३४,०००. शिया कायद्यात इथे एक अट आहे. वडील हयात असताना मृताला ठरावीक संख्येने सख्खे किंवा सावत्र (एकाच बापाचे) भाऊबहीण असतील, उदाहरणार्थ दोन भाऊ, तर आईला परतीतला भाग मिळत नाही. त्या भावांना स्वतःला मात्र काहीच मिळत नाही.

वडील आधीच वारलेले असतील तर सुन्नी कायद्यातही रद येऊ शकते. पत्नी ३, आई ४, मुलगी १२, बेरीज १९/२४. पाच भाग शिल्लक. ते घ्यायला कोणी असबा नसेल, तर आई आणि मुलीला एकास तीन या प्रमाणात परत जातात. पत्नीला २,७०,०००, आईला ४,७२,५००, मुलीला १४,१७,५००. पत्नी परतीत नाही.

इथे वाचकाच्या मनात प्रश्न येणारच. तूट आली तेव्हा सुन्नी हिशोबाने पत्नीचा आठवा नववा झाला, तिने झळ सोसली. मग शिल्लक आली तेव्हा तिला वाटा का नाही? इस्लामी कायदेशास्त्राचे उत्तर असे की पत्नीचा हक्क निकाहातून येतो आणि रद हा रक्ताच्या नात्याचा लाभ आहे. औलात तिचा ठरीव हिस्सा इतर ठरीव हिश्श्यांशी टक्कर घेतो, म्हणून ती तुटीत असते. परतीत ठरीव हिस्से आधीच पूर्ण दिलेले असतात. हे तर्काने सुसंगत आहे, पण त्यामुळे विधवेची बाजू दोन्हीकडून आखडती राहते हे मान्य करायला हवे. आपल्या देशात एवढी सवलत आहे की दुसरा कोणीही वारस, दूरचा नातलगसुद्धा नसेल, तर उरलेली मिळकत सरकारजमा न होता हयात पती किंवा पत्नीकडे जाते.

कोकणातल्या वाचकांसाठी एक गोष्ट सांगायला हवी. कोकणी मुसलमान मुख्यतः शाफई पंथाचे आहेत, हनफी नाहीत. औलात दोघांचा हिशोब सारखा आहे. रदच्या बाबतीत मूळ शाफई मत असे, की असबा नसताना उरलेला भाग बैतुलमालात, म्हणजे सार्वजनिक खजिन्यात जावा. हे मत पैगंबरांचे लेखनिक झैद बिन साबित यांच्यापासून आलेले मानतात. पुढच्या शाफई विद्वानांनी मात्र नियमाप्रमाणे चालणारा खजिना नसेल तर रद मान्य केली.

सुन्नी कायद्यात रद प्रत्यक्षात क्वचितच येते, कारण असबांची साखळी लांब असते. आजोबा, भाऊ, पुतण्या, चुलता, चुलतभाऊ, आणि त्याही पुढची पुरुष शाखा. आपल्या उदाहरणात वडील नसून मृताचा एक सख्खा भाऊ असता, तर ते पाच भाग, ४,५०,००० रुपये, त्याचे झाले असते आणि मुलगी १०,८०,००० वरच राहिली असती. मुलगी असताना मृताची सख्खी बहीण असली तरी तीही उरलेले घेऊ शकते. म्हणून ‘दुसरे कोणी नाही’ असे घरच्यांनी सांगितले की हिशोब करणाऱ्याने थांबून विचारायला हवे: चुलतभाऊ नाही? त्याचा मुलगा नाही? उलट शिया कुटुंबात आई आणि मुलगी असताना भाऊ वारसच होत नाही. पंथ कोणता, हा प्रश्न विचारल्याशिवाय मांडलेले गणित दोन्ही बाजूंनी चुकू शकते.

कागदोपत्री होणारी सर्वांत मोठी चूक मात्र साधी असते. वारसनोंदीत पत्नी, आई, वडील आणि मुली यांची नावे एकाखाली एक येतात, आणि पुढे विक्रीच्या किंवा वाटपाच्या वेळी सगळे सारखे हिस्सेदार धरले जातात. आपल्या पहिल्या उदाहरणात पाच वारस आहेत, म्हणजे प्रत्येकी ४,३२,०००. त्यात प्रत्येक मुलीचे २,०८,००० जातात. नोंदीतली नावे वारस कोण हे सांगतात, कोणाचे किती हे सांगत नाहीत. शेतजमिनीबाबत आणखी सावध राहावे लागते. १९३७ च्या शरियत कायद्याच्या दुसऱ्या कलमातून शेतजमिनीचा प्रश्न वगळला आहे, त्यामुळे शेतीच्या वाटपाला त्या कायद्याचा थेट आधार घेता येत नाही, तिथे आधीचा प्रांतिक कायदा आणि सिद्ध झालेली रूढी पाहावी लागते.

हक्क ठरल्यावर वारस आपसांत तडजोड करू शकतात, आणि तिथे हिशोब पुन्हा फसतो. समजा एकाच मुलीच्या सुन्नी उदाहरणात विधवेने आपल्या हिश्श्याबद्दल २,७०,००० रुपयांची एखादी वस्तू किंवा जागा घेतली आणि ती बाजूला झाली. राहिले १८,९०,०००. आता ते आई, वडील आणि मुलीत कसे वाटायचे? पुष्कळ जण पत्नी नव्हतीच असे धरून नव्याने मांडणी करतात. मुलीला १/२ म्हणजे ९,४५,०००, आईला १/६ म्हणजे ३,१५,०००, उरलेले ६,३०,००० वडिलांना. पण पत्नी वारस होती, ती फक्त आपला वाटा घेऊन निघाली. म्हणून चोविसातून तिचे तीन भाग वजा करून राहिलेल्या एकवीस भागांवर वाटप करायचे: मुलीचे १२, वडिलांचे ५, आईचे ४. त्याप्रमाणे मुलीला १०,८०,०००, वडिलांना ४,५०,००० आणि आईला ३,६०,००० मिळतात. चुकीच्या मांडणीत आईचे ४५,००० आणि मुलीचे १,३५,००० वडिलांच्या वाट्यात गेले होते, आणि बेरीज दोन्ही वेळा १८,९०,००० च येत असल्यामुळे ती चूक नुसत्या बेरजेने पकडता येत नाही.